आईच्या फोनची स्क्रीन कडेने उचलली गेलीये, बॅटरी फुगली असेल का?

स्मिता_परळ
नमस्कार मंडळी. आईचा फोन चारेक वर्षांचा आहे, ती परळलाच आमच्याकडे असते. फोन कायम किचनमध्ये फ्रिजवर ठेवलेला असतो, चार्जर लावूनच, कारण दिवसभर त्यावर भजनं नाहीतर बातम्या चालू असतात आणि मध्येच बंद पडलं की तिची चिडचिड होते. वर जाड रेक्झिनचं फ्लिप कव्हर. काल कव्हर बदलायचं म्हणून काढलं तर डाव्या बाजूला स्क्रीन आणि फ्रेमच्या मध्ये फट दिसली, नख आत जाईल एवढी, आणि अंधारात तिथून उजेड बाहेर येतोय. स्क्रीनच्या मधोमध एक पिवळट डाग पण आहे, आवाजाचं बटण दाबायला घट्ट झालंय. फोन चालतोय व्यवस्थित, गरम पण लागत नाही हाताला. सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ ८६% दाखवतंय म्हणजे बॅटरी ठीक असायला हवी ना? फक्त गोंद सुटलाय असं नवऱ्याचं म्हणणं, दाबून रबरबँड लावून ठेवू म्हणतोय. काय करावं?

गोरेगावचे_काका
चार वर्षं झाली म्हणजे बॅटरी उतरणारच ताई. मोबाईल डेटा गरज नसेल तेव्हा बंद ठेवा, ब्राइटनेस कमी करा, लोकेशन बंद करा. माझा फोन असाच दोन दिवस चालतो एका चार्जिंगवर.

स्मिता_परळ
काका, बॅटरी उतरत नाहीये हो, ती तर कायम चार्जिंगलाच असते. फोन जाड झालाय मधून, तो प्रश्न आहे.

लॅमिंग्टनकर
स्मिताताई रबरबँड अजिबात नको, यजमानांना आधी थांबवा. मी रिपेअरिंगच्या लाईनमध्ये आहे, ही केस आमच्याकडे पावसाळ्यात आणि मे महिन्यात बरीच येते. आत बॅटरी फुगलेली असेल आणि वरून स्क्रीन दाबली तर आतले थर एकमेकांवर दाबले जातात, एखादा थर फाटला की आतल्या आत शॉर्ट, मग धूर.
गोंद की बॅटरी ते असं बघा. कव्हर काढा, फोन बंद करा, आणि मुलांच्या कंपासमधली स्टीलची पट्टी मागच्या बाजूवर आडवी ठेवा, कॅमेऱ्याचा उंचवटा सोडून. पट्टी दोन्ही कडांना टेकत नसेल आणि मधल्यामध्ये डुलत असेल तर पोट आलंय. समोरून काचेवर पण तसंच करून बघा. नुसता गोंद सुटला असेल तर फट सहसा एका कोपऱ्यात असते आणि काच सपाट राहते, बॅटरीचं असेल तर फट मधल्या भागात जास्त रुंद असते कारण बॅटरी तिथेच बसलेली असते. तुम्ही सांगितलेला पिवळा डाग म्हणजे मागून डिस्प्लेवर दाब येतोय. माझ्या मते ऐंशी टक्के बॅटरीच आहे पण पट्टी लावून सांगा.

निखिल_भांडुप
ओव्हरचार्जिंग झालंय सरळ. रात्रंदिवस चार्जर लावला की करंट आत जातच राहतो, बॅटरीला मावत नाही मग ती फुगते. स्लो चार्जर वापरायला हवा होता, पाच वॅटचा. आणि यूट्यूबवर एक जण दाखवत होता की टाचणीने बारीक भोक पाडून हवा काढली आणि वर सेलोटेप लावला तर बॅटरी परत सपाट होते, अजून सहा महिने चालते.

लॅमिंग्टनकर
निखिल भावा टाचणीचं डिलीट कर प्लीज, कोणीतरी वाचून करेल.

विदुला_ठाणे
मी सेल टेस्टिंगच्या कामात आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.
निखिल, चार्जर कायम लावून ठेवणं बॅटरीला वाईट हे तुझं बरोबर आहे, पण कारण ते नाही. करंट आत जात राहत नाही. फोनमधलं सर्किट बॅटरी भरली की चार्जिंग तोडतं, आणि बॅटरीच्या स्वतःच्या टोकाला अजून एक छोटं प्रोटेक्शन सर्किट असतं ते वेगळंच. प्रॉब्लेम असा की तोडल्यावर बॅटरी थोडी उतरते, परत भरली जाते, परत उतरते, म्हणजे ती महिनोन्महिने काठोकाठ भरलेल्या अवस्थेतच बसून राहते. आजच्या फोनच्या सेलचा भरलेला व्होल्टेज ४.४ च्या आसपास असतो, जुन्या सेलचा ४.२ असायचा. आत जो द्रव असतो तो एवढ्या व्होल्टेजला फार सुखात नसतो, पॉझिटिव्ह बाजूला हळूहळू त्याचं ऑक्सिडेशन होतं आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड असे वायू तयार होतात. निगेटिव्ह बाजूला ग्रॅफाइटवर एक पातळ थर असतो, तो मोडून परत बनताना पण वायू निघतो. फोनची बॅटरी म्हणजे ॲल्युमिनियम फॉइलची सील केलेली पिशवी, तिला व्हॉल्व्ह नसतो, मग गॅस जाणार कुठे, पिशवी फुगते.
आता याला उष्णता जोडा. ढोबळ हिशेब असा की दहा डिग्री वाढली की अशा रिॲक्शनचा वेग साधारण दुप्पट होतो. मुंबईच्या किचनमध्ये, फ्रिजच्या वर जिथे मागची गरम हवा येते, त्यात जाड रेक्झिनचं कव्हर आणि फोनवर सतत व्हिडिओ चालू. हाताला खूप गरम लागला नाही तरी आतला सेल चाळीशीत असू शकतो. शंभर टक्के चार्ज आणि गरमी या दोन गोष्टी एकत्र आणि दीर्घकाळ, हे फुगण्याचं सगळ्यात कॉमन कारण. पाच वॅटचा चार्जर लावला असता तरी फोन शंभरवरच बसला असता, त्यामुळे फार फरक पडला नसता.
हेल्थ ८६% बद्दल. तो आकडा फक्त सांगतो की नव्या बॅटरीच्या तुलनेत आता किती चार्ज मावतो. आत किती गॅस झालाय हे फोनला कळायला कुठला सेन्सरच नाही. क्षमता चांगली असूनही सेल फुगलेला असू शकतो, आम्ही नेहमी बघतो. त्यामुळे फुगणं ओळखायचं डोळ्यांनी आणि पट्टीनेच.
आणि भोक पाडायचं तर नावच नको. चार्ज असलेला सेल आहे, टाचणी दोन थरांना एकत्र जोडते, तिथल्या तिथे शॉर्ट. शिवाय आतल्या द्रवातलं जे लिथियमचं मीठ असतं त्याचा हवेतल्या दमटपणाशी संबंध आला की हायड्रोफ्लोरिक ॲसिड तयार होतं, ते फुफ्फुसाला आणि डोळ्यांना फार वाईट. सेलोटेपने काही सील होत नाही, आत बाष्प जातच राहणार आणि अजून गॅस होणार.

निखिल_भांडुप
ओके, सर्किट तोडतं हे माहीत नव्हतं. पण मग माझा फोन पण रात्रभर चार्जिंगला असतो, तीन वर्षं झाली, काही नाही झालं.

विदुला_ठाणे
रात्रीचे काही तास आणि चोवीस तास यात फरक आहे. तू सकाळी काढतोस, वापरतोस, बॅटरी खाली येते. शिवाय तुझा फोन बहुतेक पंख्याखाली असणार. आणि सगळ्याच बॅटऱ्या फुगतील असंही नाही, बनवताना आत बाष्पाचा अंश किती राहिला, फोन कधी पडला होता का, हे सगळं येतं त्यात. थोडी जाडी तर प्रत्येक सेलची वयाबरोबर वाढतेच, कंपन्या तेवढी जागा आत सोडतात. स्क्रीन उचलली गेली म्हणजे ती जागा संपली.

स्मिता_परळ
पट्टी लावून बघितली. मागून मधोमध डुलते, अगदी स्पष्ट. काचेच्या बाजूने पण कडेला प्रकाश दिसतो पट्टीखालून. ओट्यावर उलटा ठेवून बोटाने हलवला तर गोल फिरतो.
फोन आता बंद केलाय, बंद करताना साधारण ६०% चार्ज होता. पण त्यात आईचे सगळे फोटो आहेत, बाबांचे जुने व्हिडिओ, आणि बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. परत चालू करून फोटो काढून घेऊ का? आणि तोपर्यंत ठेवू कुठे, आमचं वन बीएचके आहे, आई घाबरलीये.

लॅमिंग्टनकर
सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाका, ओटीपीचा प्रश्न मिटला. फोटो बॅटरीत नसतात, बोर्डवर असतात, बॅटरी बदलली की जसेच्या तसे मिळतील. त्यासाठी घाईत चालू करायची गरज नाही.
पण ६०% आहे ते मला पटत नाही. मी असतो तर चार्जर न लावता, फोन समोर ठेवून, वायफायवर फोटो कॉपी होऊ दिले असते आणि त्यातच बॅटरी वीस-पंचवीसपर्यंत उतरवली असती. जेवढा चार्ज कमी तेवढी काही झालं तर आग कमी. मला टेबलावर उघडायला पण उतरलेली बॅटरीच बरी वाटते.

विदुला_ठाणे
उतरलेल्या सेलमध्ये ऊर्जा कमी, भडका कमी, हे शंभर टक्के खरं. पण घरी ते कोणी आणि कसं करायचं? डिस्चार्ज करताना पण फोन तापतो, आणि आत नेमकं काय बिघडलंय ते बाहेरून दिसत नाही. कंपन्यांचं सांगणं बंद करा आणि वापरू नका असंच असतं. मी स्मिताला बंदच ठेव म्हणेन.

लॅमिंग्टनकर
मॅडम कंपन्या तसं सांगणारच, त्यांना रिस्क नको. वास नाही, गरम नाही, फूग मध्यम आहे, अशा वेळी कोणीतरी समोर बसून उतरवणं मला चुकीचं वाटत नाही. पण वास येत असेल, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर, किंवा बंद असताना सुद्धा गरम लागत असेल, तर मी पण म्हणेन हात लावू नका.

विदुला_ठाणे
यावर आपलं एकमत होणार नाही, ठीक आहे. स्मिता, ठेवायचं असं. गादी, सोफा, पडदे, कपाट, सिलेंडरच्या जवळ नाही. मेन दाराच्या वाटेवर पण नाही, कारण काही झालं तर तुम्हाला बाहेर पडायचंय त्याच वाटेने. फरशीवर, सावलीत, मातीची कुंडी किंवा जाड स्टीलचं पातेलं घे, तळाला कोरडी वाळू, त्यावर फोन. झाकण घट्ट लावू नकोस, गॅसला वाट पाहिजे. बाल्कनी असेल तर तिथे चालेल, पण ऊन आणि पावसाचे शिंतोडे येणार नाहीत अशा कोपऱ्यात. फ्रीजरमध्ये ठेवा असा सल्ला कोणी ना कोणी देईलच, नको, बाहेर काढल्यावर फोनच्या आत पाणी सुटतं आणि झालेला गॅस काही परत जात नाही.
धूर दिसला तर उचलायला जाऊ नका. आईंना घेऊन बाहेर, दार ओढून घ्या, १०१ ला फोन. धूर श्वासात जाऊ देऊ नका, तो आगीपेक्षा जास्त वाईट. लांबून पाणी ओतता आलं तर ओता, या बॅटरीला पाणी चालतं, तिला थंड करायचं असतं. पावडरच्या सिलेंडरने ज्वाळा विझते पण सेल आतून गरमच राहतो आणि परत पेटू शकतो.

माहीमची_अश्विनी
माझी पॉवरबँक पण थोडी फुगलीये, प्लास्टिकची शिवण उघडलीये एका बाजूने. चालते मात्र छान. परवा नागपूरला फ्लाइट आहे, चेक-इन बॅगेत टाकू का, म्हणजे हातात नको?

विदुला_ठाणे
अश्विनी, अजिबात नको. पॉवरबँक चेक-इनमध्ये चांगली असली तरी चालत नाही, केबिनमध्येच न्यायची असते. आणि फुगलेली, खराब झालेली बॅटरी केबिनमध्ये पण नेता येत नाही. ती घरी ठेवून जा, तीही वरच्यासारखीच फरशीवर. नवीन घे.

माहीमची_अश्विनी
बापरे. बरं झालं विचारलं. आल्यावर कुठे द्यायची ते पण सांगा कोणीतरी.

लॅमिंग्टनकर
स्मिताताई दुकानात नेताना एक लक्षात ठेवा. सकाळी नऊच्या लोकलला पर्समध्ये कोंबून नेऊ नका, गर्दीत दाबला जाईल. दुपारी जा, कडक डब्यात मऊ कापडात ठेवून. आणि दुकानदाराला काउंटरवर ठेवायच्या आधीच सांगा की बॅटरी फुगलीये. कारण मागचं झाकण काढताना आम्ही हीट गनने गोंद मऊ करतो, फुगलेल्यावर ती लावायची नसते नाहीतर अगदी जपून कडेलाच. ज्याने हे ऐकून पण थेट गरम करायला घेतलं त्याच्याकडून उठा.
बॅटरी घेताना लेबल बघा. आयएस १६०४६ लिहिलेलं असतं आणि खाली आर ने सुरू होणारा नंबर, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कुठल्या कारखान्याच्या नावावर आहे ते दिसतं. मार्केटमध्ये हुबेहूब लेबल छापलेला माल भरपूर आहे. मूळ बॅटरीपेक्षा जास्त एमएएच लिहिलेली दिसली तर घेऊ नका, त्याच साइजच्या पिशवीत जास्त क्षमता कुठून येणार.

स्मिता_परळ
अपडेट देते. मी फोन चालू केला नाही, विदुलाचंच ऐकलं, आईला पण तेच बरं वाटलं. रात्री बाल्कनीत कुंडीतल्या वाळूवर ठेवला. सर्व्हिस सेंटरला विचारलं तर पार्ट यायला वेळ लागेल म्हणाले, आणि आधी डेटा पुसला जाईल यावर सही करा म्हणाले, म्हणून तिथे दिला नाही. दादरला एका ओळखीच्या दुकानात गेले. मी समोरच उभी राहून बघत होते. त्याने हीट गन लावलीच नाही, कडेने आयसोप्रोपिलचे थेंब सोडले आणि पातळ प्लास्टिकचं कार्ड हळूहळू सरकवत झाकण काढलं. आत बॅटरी वेफर्सच्या पाकिटासारखी टम्म, वरचं छापील लेबल ताणून चुरगळलेलं. आधी बॅटरीचा कनेक्टर काढला, मगच बाकी. बॅटरीखालचा गोंद सोडवायला पण तेच थेंब, पाच मिनिटं थांबला, मग जाड दोरा खालून घालून करवतीसारखा ओढत सोडवली, एकदा पण खालून उचकटली नाही. मी विचारलं स्क्रू ड्रायव्हरने पटकन निघाली असती ना, तर म्हणाला ताई इथेच लोकांचे हात भाजतात.
नवीन बॅटरीचा नंबर ॲपवर टाकून बघितला, आला. फोटो, व्हिडिओ सगळं आहे. डिस्प्लेवरचा पिवळा डाग थोडा राहिलाय.

लॅमिंग्टनकर
चांगल्या माणसाकडे गेलात. डाग राहतो कधीकधी, डिस्प्लेच्या मागचे थर दाबले गेलेले असतात, काहींचा कमी होतो काहींचा नाही. एक मात्र, कडेचा गोंद नवीन लावला असला तरी फोन आधी पाण्याला जेवढा टिकत होता तेवढा आता धरू नका. पावसात छत्रीत धरून बोलणं वगैरे नको.

निखिल_भांडुप
जुनी बॅटरी काय केली? आमच्याकडे घंटागाडीत टाकतात लोक.

विदुला_ठाणे
घंटागाडीत नको, कचरा गाडीत दाबला जातो, तिथे पेट घेतला तर सफाई कामगाराच्या अंगावर. भंगारवाल्याला पण नको, तो तोडून आतलं काढायला बघतो. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणे जुनी बॅटरी परत घ्यायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकलीये आणि आपण ती घरच्या कचऱ्यापासून वेगळी द्यायची आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्यांना विचारायचं, आणि फुगलेली आहे हे आधी सांगायचं. टोकांवर टेप लावून, वाळूतच ठेवून न्यायची. कुरिअरने पाठवू नका. अश्विनी, तुझ्या पॉवरबँकला पण हेच.

स्मिता_परळ
माझी जुनी दुकानदाराने ठेवून घेतली, तो महिन्याला एकत्र देतो म्हणाला ई-कचरावाल्यांना. खरंच देतो का ते मला माहीत नाही, पण घरी ठेवायची हिंमत नव्हती.
आता पुढचं विचारते. आईला भजनं लावणं बंद करायला सांगणं शक्य नाही. फोन फ्रिजवरून हलवून हॉलमध्ये पंख्याखाली ठेवलाय, कव्हर काढून. पण चार्जर लावलेलाच हवा तिला. या फोनमध्ये ८०% ला थांबवायची सेटिंग नाहीये, शोधली.

निखिल_भांडुप
टायमरवाला प्लग घे ताई, सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास चालू. माझ्या ऑफिसमध्ये फिश टँकला लावलाय.

विदुला_ठाणे
निखिलची आयडिया चांगली आहे. नेमके तास तुला बघून ठरवावे लागतील, दुपारी वीसच्या खाली जात नाही आणि रात्री शंभरवर बसून राहत नाही एवढं जमलं तरी खूप. नाहीतर भजनांसाठी थेट प्लगवर चालणारा, बॅटरी नसलेला छोटा स्पीकर-रेडिओ घेऊन दे, फोन फोनपुरता राहील.

गोरेगावचे_काका
रेडिओची सूचना मला पटली. माझा जुना फोन वर्षभर ड्रॉवरमध्ये पडून आहे, पूर्ण उतरलेला. त्याला काय चार्जर लावून बघावा का, नातवाला गेमला द्यायचा होता.

लॅमिंग्टनकर
काका, थांबा. वर्षभर शून्यावर पडलेली बॅटरी चार्जरला लावली की पण फुगते, आतलं तांबं विरघळून भलतीकडे बसलेलं असू शकतं. आधी स्टीलची पट्टी लावा आणि काय दिसतं ते इथे टाका.